खत्तातीचा बॉक्स: दर दीड महिन्याला काय पाठवायचं, आणि काय पाठवायचं नाही

माझी एक माजी विद्यार्थिनी मागच्या वर्षी वही घेऊन घरी आली. बी.कॉम. झालेली, लग्न झालेलं, घरातून काहीतरी सुरू करायची इच्छा. वहीत तिनं लिहिलं होतं, "खत्ताती सबस्क्रिप्शन बॉक्स, महिना ५०० रुपये." खाली यादी होती: एक कलम, एक शाईची बाटली, सोनेरी मार्कर, एक की-चेन, खजुराचं छोटं पाकीट, एक सरप्राइज गिफ्ट. "सर, बारा महिन्यांच्या बारा थीम पण काढल्यात," ती म्हणाली. रमजान थीम, ईद थीम, पावसाळा थीम, लग्नसराई थीम.

यादी सुंदर होती. मी तिला एवढंच विचारलं, "बेटा, तिसऱ्या महिन्यात मुलीच्या टेबलावर किती की-चेन असतील?"

हा लेख त्या वहीतून निघाला आहे. सबस्क्रिप्शन बॉक्स म्हणजे ग्राहकानं आगाऊ पैसे भरायचे आणि ठरलेल्या अंतरानं एकाच आवडीचं सामान असलेली पेटी घरी यायची. अमेरिकेत 2010 मध्ये सुरू झालेल्या बर्चबॉक्स या सौंदर्यप्रसाधनांच्या सेवेनं ही पद्धत गाजवली. त्यानंतर खेळ, सिनेमा, विणकाम, चहा, काय काय निघालं. गेम आणि सिनेमाच्या शौकिनांसाठी निघालेल्या लूट क्रेटचं नाव खूप मोठं झालं होतं, पण 2019 मध्ये तिनंही दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे कल्पना चालते, आणि बुडतेही. एका छोट्या शौकाच्या लोकांसाठी ती चालवायची तर थीम कुठून काढायची, हा खरा प्रश्न. मी उदाहरण खत्तातीचं घेतो, कारण तो आपल्या घरांत जिवंत असलेला शौक आहे आणि त्याचं सामान मला माहीत आहे.

पेटी रिकामी का व्हायला हवी

लोक पेटी बंद करतात तेव्हा बहुतेक वेळा माल वाईट असतो म्हणून बंद करत नाहीत. आधीच्या पेटीतलं सामान तसंच पडलेलं असतं म्हणून करतात. कपाटात न वापरलेल्या दोन शाईच्या बाटल्या दिसतात आणि तिसरी दारात येते, तेव्हा आनंदाऐवजी अपराधी वाटतं. मग घरात कोणीतरी म्हणतंच, "बंद कर की ते."

याचा हिशेब करून बघा. समजा 40 जणांनी सुरुवात केली आणि प्रत्येक पेटीनंतर दहातला एक गळाला. सहावी पेटी पाठवताना यादीत 24 च्या आसपास नावं उरतील. दहातले दोन गळाले तर 13. खत्ताती शिकणाऱ्यांची दुनिया लहान आहे, गेलेल्यांच्या जागी तेवढेच नवीन मिळत राहतील असं नाही. साबणाच्या धंद्यात गळती भरून काढता येते, इथं येत नाही.

म्हणून थीम अशी हवी की पुढची पेटी येईपर्यंत आधीची संपलेली असेल आणि शागिर्दाचा हात एक पायरी पुढे गेलेला असेल. ती थीम कॅलेंडरमध्ये सापडत नाही. ती उस्ताद शिकवतात त्या क्रमात असते. खत्तातीत हा क्रम शेकडो वर्षांपासून ठरलेला आहे: आधी नुक्ता, मग मुफ्रदात म्हणजे सुटी अक्षरं, मग मुरक्कबात म्हणजे जोडाक्षरं, मग ओळ. आपल्याला नवीन काही शोधायचं नाही. उस्तादांच्या क्रमाला पेटीत बसवायचं आहे.

नुक्ता: सगळं माप इथून

ज्यांनी लहानपणी तख्तीला मुलतानी माती लावून बोरूनं लिहिलं आहे त्यांना हे पटकन समजेल. बाकीच्यांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण पेटीत काय घालायचं ते याच्यावरच ठरतं.

कलमेचं टोक, म्हणजे कत, सपाट आणि तिरकं कापलेलं असतं. ते कागदावर टेकवून कतीच्या रुंदीएवढंच ओढलं की शंकरपाळ्यासारखा चौकोन उमटतो. तो नुक्ता. अक्षराची उंची सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, नुक्त्यात मोजतात. नस्तालीकमध्ये, म्हणजे आपल्या उर्दूच्या लिपीत, अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा. अरबीच्या सुलुस लिपीत तो सात नुक्त्यांचा उंच होतो. अक्षरं नुक्त्यानं मोजण्याची ही शिस्त दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला यांच्या नावानं ओळखली जाते. नस्तालीक इराणात चौदाव्या शतकात आकाराला आली आणि तिचं श्रेय परंपरेनं मीर अली तबरेजी यांना दिलं जातं.

आता याचा पेटीशी संबंध काय? कत 3 मिलिमीटर असेल तर नुक्ता टोकापासून टोकापर्यंत सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि तीन नुक्त्यांचा अलिफ सव्वा सेंटिमीटर. कत 5 मिलिमीटर असेल तर तोच अलिफ दोन सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे कलम बदलली की ओळींमधलं अंतर बदललं, कागदावरची आखणी बदलली, समोर ठेवून बघायचा नमुना, ज्याला सरमशक म्हणतात, तोही बदलला. एका पेटीत 5 मिलिमीटरची कलम आणि 3 मिलिमीटरच्या हिशेबानं आखलेला कागद गेला तर शागिर्द कितीही मेहनत करो, अक्षर बसणार नाही. त्याला वाटेल, माझाच हात वाईट आहे. आणि तो पेटी बंद करेल.

तिच्या पहिल्या यादीत नेमकं हेच होतं. कलम एका दुकानातून, नमुना इंटरनेटवरून, कागद झेरॉक्सवाल्याकडून. तिन्ही वस्तू चांगल्या, एकमेकींशी ओळख नाही.

चार पेट्यांची एक मालिका

शेवटी आम्ही बारा थीमच्या जागी चार ठेवल्या. नस्तालीक अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्यासाठी. अंतर दीड महिना.

पहिली पेटी नुक्ता आणि सरळ अक्षरांची. अलिफ, आणि बे सारखी आडवी अक्षरं. 3 मिलिमीटरच्या दोन कापलेल्या कलमा, कोरड्या शाईची पुडी, दवातीत घालायचं सूफ, आखलेले 30 कागद आणि सरमशकचं एक जाड कार्ड. बस. की-चेन नाही.

दुसरी पेटी दायऱ्यांची. नून, लाम, सीन, जीम, ऐन यांच्या पोटातला गोलवा. नस्तालीकचं सगळं सौंदर्य इथं आहे, आणि शागिर्द रडतात तेही इथंच. या पेटीत नवीन कलम एकच, कारण जुन्या दोन अजून चालू असतात. त्याऐवजी एक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, ज्यावर उस्तादांनी काढलेला दायरा छापलेला असतो. आपल्या अक्षरावर तो ठेवला की कुठं फुगलं, कुठं दबलं ते लगेच दिसतं. छपाईला प्रती नग आठ-दहा रुपयांची वस्तू. पण शागिर्दाला उस्ताद शेजारी नसताना आपली चूक स्वतः पाहता येते, म्हणून माझ्या मते सगळ्या मालिकेतली सर्वात कामाची वस्तू हीच.

तिसरी जोडाक्षरांची. इथं एक कोरा, न कापलेला बोरू द्यायचा आणि कत कशी लावायची ते शिकवायचं. आधी तिरका लांब काप देऊन आतला गर काढायचा, दोन्ही बाजू सोलून रुंदी आणायची, मध्ये बारीक चीर द्यायची म्हणजे शाई उतरते, आणि शेवटी कडक तुकड्यावर, ज्याला कतजन म्हणतात, टोक ठेवून एकाच दाबात कापायचं. दोनदा दाबलं की कड खरबरीत होते. पहिल्या पेटीतच हे शिकवायला घेतलं तर लोक बोट कापून घेतात आणि शौक सोडतात. तीन महिने चांगली कलम हातात धरल्यावर चांगली कलम म्हणजे काय ते बोटांना समजलेलं असतं.

चौथी पेटी एका ओळीची आणि स्वतःच्या नावाची. ज्याचं-त्याचं नाव उस्तादांनी लिहून दिलेलं, नुक्त्याच्या खुणांसकट. तीस जणांची तीस वेगळी कार्डं. मेहनत आहे. पण लोक हीच पेटी चारचौघांना दाखवतात.

चार झाल्यावर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायचं. काहींना नस्तालीकमध्येच जाडी-बारकाई शिकायची असते, काहींना अरबीच्या नस्ख लिपीकडे जायचं असतं. दोन्हींच्या कलमा आणि आखणी वेगळी, म्हणून त्या दोन वेगळ्या मालिका. एकाच पेटीत दोघांना खूश करायला जाऊ नये.

दोन गोष्टी फॉर्ममध्येच विचारून घ्याव्यात. उजवा हात की डावा? डावखुऱ्याची कत उलट्या तिरकसात कापावी लागते. आणि याआधी किती शिकलंय? नाहीतर पाच वर्षं लिहिणाऱ्याच्या घरी नुक्त्याची पेटी जाते.

सरप्राइजबद्दल

परदेशी बॉक्सवाल्यांचा आवडता प्रकार म्हणजे आत काय आहे ते सांगायचं नाही. आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात इथं फिक्हमधला गररचा प्रश्न येईल, म्हणजे विकत घेतोय ती वस्तू काय हेच माहीत नसणं. ज्यांना शंका असेल त्यांनी जाणकारांना विचारावं. मी फक्त धंद्याची बाजू सांगतो: शौकीन माणसाकडे सामान आधीच असतं. त्याला न सांगता पाठवाल ते दुसऱ्यांदा येण्याची शक्यता मोठी. यादी उघड ठेवा. पुढच्या पेटीत काय शिकायचंय याची उत्सुकता पुरते.

याच्या जवळचीच एक गोष्ट, जी फक्त याच शौकात लागू होते. सरावाच्या कार्डावर आयत छापावी का? सुरुवातीला तिला तेच सुचलं होतं, दिसायला देखणं म्हणून. पण सरावाचे कागद शेकड्यानं खराब होतात. त्यांच्यावर पाक शब्द असले की ते टाकता येत नाहीत, जाळायला मन धजत नाही, घरात गठ्ठे साचतात. काही जण मग सरावच कमी करतात. म्हणून सरावाला सुटी अक्षरं आणि साधे शब्द: पानी, बाग, किताब. आयत लिहायची ती नीट हात बसल्यावर, चांगल्या कागदावर.

कागद, शाई आणि टपाल

आम्ही आधी आठ जणांना फुकट नमुना पेटी पाठवली होती. कागद होता नेहमीचा झेरॉक्सचा, 70 जीएसएम. आठवडाभरात फोटो आले. सगळ्यांच्या नुक्त्याला मिशा फुटलेल्या. साधा कागद शाई शोषतो, ती तंतूंमधून पसरते, नुक्त्याची कड हरवते आणि कड हरवली की माप गेलं. जुने खत्तात यासाठी कागदाला आहार द्यायचे, म्हणजे खळ किंवा तुरटीत फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, वर दगडाच्या मोहऱ्यानं घोटाई. तसा कागद महाग पडतो आणि सरावाला लागतही नाही. छापखान्यात मिळणारा 130 जीएसएमचा आर्ट पेपर सरावाला चांगला चालतो.

कागद घेण्याआधीची परीक्षा सोपी. एक नुक्ता काढा, दोन मिनिटं थांबा, भिंगातून कड बघा. केसासारखे फाटे दिसले तर तो कागद नको. उलट शाई जमून थेंब होत असेल, कागद तिला धरतच नसेल, तर पृष्ठभाग तेलकट आहे. खडूची बारीक पूड फिरवून झटकली की बहुतेक वेळा काम होतं.

शाईची बाटली टपालानं पाठवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक बाटली फुटली तर आतले तीस कागद आणि शेजारच्या चार लोकांची पार्सलं काळी होतात. काजळी आणि डिंकाची कोरडी शाई पुडीत पाठवा. ग्राहकानं दवातीत सूफ ठेवायचं, वर शाई, थोडं-थोडं पाणी. रेशमी धाग्याचा तो गोळा शाई धरून ठेवतो, कलम बुडवली तरी जास्तीची शाई उचलली जात नाही आणि कतही तळाला आपटत नाही. पुडीवर पाणी किती घालायचं ते चमच्याच्या मापात लिहा. "अंदाजे" लिहिलंत तर वीस फोन येतात.

कलमांना जाड पुठ्ठ्याची नळी हवी. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद, आत ओलावा शोषणारी पुडी. खळ किंवा अंड्याचा लेप असलेला कागद जून ते सप्टेंबर पाठवूच नका. बुरशी धरते आणि कसर लागते.

आणि वजन. हे कोणी सांगत नाही, पण नफा इथं जातो. 130 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 8 ग्रॅमचा. तीस कागद म्हणजे 240 ग्रॅम. पेटी, नळी, कार्ड, कलमा धरून आमचं पार्सल 450 च्या आसपास आलं. स्पीड पोस्टात 500 ग्रॅमला दराचा टप्पा बदलतो. तिला चाळीस कागद द्यायचे होते, "जास्त वाटतं" म्हणून. चाळीस झाले की काटा 500 च्या पलीकडे जातो आणि तेवढ्यासाठी वरचा दर. रोज एक पान लिहिणाऱ्याला, मधले सुट्टीचे दिवस धरून, तीस पानं दीड महिना पुरतात. म्हणून तीस.

वहीतला हिशेब

तीस ग्राहक धरले. खालचे दर आमच्या गावचे, आमच्या वेळचे. तुम्ही तुमचे घाला.

एका पेटीला कागद छपाईसह 120 रुपये, दोन बोरू 50, शाई आणि सूफ 25, कार्ड 15, पेटी आणि नळी 40, टपाल सरासरी 90. उस्तादांना प्रत्येक शागिर्दामागे 60. झाले 400. तुटफूट आणि हरवलेल्या पार्सलांसाठी 20 बाजूला. पेटीची किंमत 600 ठेवली तर ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च 12 रुपयांच्या आसपास. हातात राहिले 168. तीस पेट्यांचे 5,040 रुपये, दीड महिन्याला.

आता वेळ. साठ कलमा कापायला, प्रत्येकी पाच मिनिटं धरली, पाच तास. भरायला, पत्ते लिहायला आणखी पाच. पोस्टात जाणं, फोन, फोटो बघणं, पाच. पंधरा तासांचे 5,040 म्हणजे तासाला 336 रुपये. घर चालत नाही, पण ट्यूशनपेक्षा वाईट नाही. तिच्या पहिल्या यादीचा असाच हिशेब केला तेव्हा 500 च्या पेटीत सामानच 430 चं निघालं होतं, टपाल सोडून.

उस्तादांचे 60 रुपये वाचवावेत असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. माझं उत्तर: ते वाचवले तर धंदाच राहत नाही. बोरू आणि शाई मुंबईत मोहम्मद अली रोडच्या बाजूला कोणालाही मिळते. लोक पैसे देतात ते इस्लाहसाठी. शागिर्दानं विसाव्या दिवसापर्यंत आपल्या दोन पानांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, उस्तादांनी लाल रंगात दुरुस्ती करून परत करायचा. आपल्या तालुक्यात खत्ताती शिकवणारं कोणी नाही अशी मुलगी या लाल खुणांची वाट बघते. आणि उस्तादांचाही विचार करा. नव्वदच्या दशकात इनपेज आलं आणि उर्दू अखबारांमधल्या कातिबांचं काम गेलं. चेन्नईचा 1927 मध्ये सुरू झालेला 'द मुसलमान' हाताच्या लिखाणासाठी ओळखला गेला, पण तसे अपवाद विरळाच. असे हात अजून काही घरांत आहेत. तीस शागिर्दांचे 1,800 रुपये त्यांच्यासाठी खैरात नाही, मजुरी आहे.

फोटोचा आणखी एक उपयोग. धंदा कुठं चाललाय ते त्यातून आधी समजतं. तीसपैकी बावीस-पंचवीस फोटो आले तर पुढची पेटी निर्धास्त पाठवा. बारा आले तर अठरा घरांत पेटी भरलेलीच आहे, हे समजा. पैसे बंद व्हायच्या कितीतरी आधी ही खूण दिसते. त्या अठरा जणांना फोन करून विचारा आणि हवं तर त्यांची पेटी महिनाभर थांबवा. परीक्षा, रमजान, घरातलं लग्न, कारण काहीही असो, थांबवण्याची सोय असली की लोक बंद करत नाहीत. आम्ही रमजानमध्ये सगळ्यांचीच पेटी थांबवायचं ठरवलं.

पैसे आणि कागदपत्रं

दर वेळी खात्यातून आपोआप पैसे कापण्याची सोय आज आहे, युपीआय ऑटोपेने होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याआधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि तो कधीही ते बंद करू शकतो. पण चारच पेट्यांची मालिका असेल तर एकदाच 2,400 घेणं सोपं. फक्त एक गोष्ट घट्ट धरा: तीस जणांचे आलेले 72,000 रुपये तुमची कमाई नाही. पेटी निघेपर्यंत ती अमानत आहे. वेगळ्या खात्यात ठेवा आणि एक पेटी रवाना झाली की तेवढेच 600 आपल्याकडे वळवा. पहिल्याच महिन्यात त्या पैशातून घरचं फ्रिज घेतलं की तिसऱ्या पेटीच्या कागदाला उधारी होते. शौकाच्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात, बातमी एका दिवसात पसरते.

जीएसटीबद्दल लोकांचा समज असतो की छोटा धंदा म्हणजे नोंदणी नको. राज्यातल्या राज्यात माल विकताना उलाढालीची मर्यादा आहे हे खरं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला विकायचा असेल तर सर्वसाधारण नियम असा की पहिल्या पेटीपासून नोंदणी लागते. हैदराबाद किंवा भोपाळची ऑर्डर घेण्याआधी एखाद्या कर सल्लागाराला विचारा. दुसरं, वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या तर तो मिश्र पुरवठा मानला जातो, आणि आतल्या सर्वात जास्त दराच्या वस्तूचा कर पूर्ण पेटीवर लागतो. करमाफ पुस्तक पेटीत घातलं म्हणून कर वाचत नाही. उलट एका चमकदार, जास्त कराच्या वस्तूनं सगळी पेटी महाग होते. तो सोनेरी मार्कर इथंही आडवा आला असता.

पेटीवर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, आत काय आणि किती, सर्व करांसह किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन, एवढं छापून घ्या. वजनमापाचे नियम बंद पाकिटावर ही माहिती मागतात.

दुसऱ्या शौकाला हेच माप

बोरू फक्त उर्दूवाल्यांचा नाही, मराठीचाही आहे. आपल्याकडे मोडी शिकणारे हौशी लोक वाढताहेत, जुनी दप्तरं वाचायची म्हणून किंवा नुसतीच आवड म्हणून. त्यांचाही क्रम ठरलेला आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. तिथं पहिली पेटी रेघेची आणि सुट्या अक्षरांची, दुसरी बाराखडीची, तिसरी जोडून पळत्या हातानं लिहिण्याची. पण चौथीपासून मोडीवाल्याला लिहिण्यापेक्षा वाचायचं असतं. म्हणजे कागद कमी आणि जुन्या पत्रांच्या छापील प्रती जास्त, दर पेटीत आधीपेक्षा थोडं अवघड पत्र, आणि इस्लाहच्या जागी त्याचं लिप्यंतर तपासून देणं. खत्तातीची पेटी झाकण बदलून त्यांना पाठवली तर ते दोन पेट्यांत थांबतील.

म्हणून तुमचा शौक कोणताही असो, क्रोशाचं विणकाम असो की टपाल तिकिटं, सामानाची यादी करायच्या आधी त्या शौकातल्या तीन माणसांकडे जा. एक नवशिका, एक दोन वर्षांचा, एक उस्ताद. मागच्या महिन्यात काय संपलं, काय पडून राहिलं आणि हात कुठं अडला, एवढे तीन प्रश्न विचारा.

माझ्या विद्यार्थिनीची दुसरी पेटी, दायऱ्यांची, आता भरून तयार आहे. तीस म्हणत होती, नोंदले गेले एकोणीस. त्यातले सतरा जणांचे फोटो विसाव्या दिवसाच्या आत आले. एकानं अजून शाईची पुडी उघडलेलीच नाही, त्याला तिनं काल फोन केला. दहावीची परीक्षा आहे म्हणाला. त्याची पेटी एप्रिलमध्ये जाईल.